मागाचे चित्र हलू द्या, मथळे स्थिर ठेवा

«मी सोलापूरच्या एका तंत्रनिकेतनात वस्त्रनिर्माण हा विषय शिकवते. ‘मागाच्या प्राथमिक गती’ या घटकाची माझी पीपीटी 38 स्लाइडची आहे आणि ती मी फार मेहनतीने तयार केली आहे. विभागप्रमुखांनी तास पाहिला आणि ‘सगळी ॲनिमेशन काढून टाका, मुलांचे लक्ष उडते’ असे सांगितले. पण माग ही चालणारी वस्तू आहे, ती स्थिर चित्रावर कशी शिकवायची? काय ठेवावे आणि काय काढावे हे कशावरून ठरवू? फाइल सोबत जोडली आहे.»
— एक अधिव्याख्याता, सोलापूर

आदरणीय मॅडम, नमस्कार.

आपली फाइल मी आधी आपण ठेवली आहे तशी चालवून पाहिली आणि मग सगळी ॲनिमेशन बंद करून पाहिली. पॉवरपॉइंटमध्ये Slide Show या टॅबखाली Set Up Slide Show उघडले की Show without animation असा एक पर्याय मिळतो. त्यावर खूण केली की फाइलमधले काहीही न पुसता स्लाइडा ॲनिमेशनशिवाय चालवता येतात. तपासणीची सुरुवात आपणही इथूनच करावी, अशी माझी सूचना आहे. एकेका ॲनिमेशनपुढे थांबून ‘हे छान दिसते का’ असा विचार करत बसलो, तर प्रत्येकाची बाजू घ्यावीशी वाटते, कारण प्रत्येकामागे आपले कष्ट असतात. सगळी एकदम बंद करून तोच तास मनात शिकवून पाहिला, तर प्रश्न बदलतो आणि शिकवताना नेमके कुठे अडते ते दिसू लागते. आपल्या 38 स्लाइडांपैकी मला फक्त चार ठिकाणी अडल्यासारखे झाले. बाकी सर्व ठिकाणी हालचाल गेली तरी आशयातले काहीही गेले नाही. तेव्हा विभागप्रमुखांचे म्हणणे बहुतेक स्लाइडांपुरते बरोबर आहे आणि आपले म्हणणे त्या चार ठिकाणांपुरते बरोबर आहे. पण ती चार ठिकाणे म्हणजेच या घटकाचा गाभा आहे, म्हणून ‘सगळी काढा’ हा सल्ला मी आपल्याला देणार नाही.

आधी काढायचे ते सांगतो, कारण त्याला फार वेळ लागत नाही. स्लाइड बदलताना आपण कुठे Vortex, कुठे Honeycomb, तर कुठे पान उलटल्यासारखा परिणाम ठेवला आहे. यातले Vortex आणि Honeycomb हे दोन्ही चार सेकंदांच्या आसपास चालतात. प्रत्येक स्लाइडला तसा वेळ धरला, तर 37 बदलांत जवळजवळ अडीच मिनिटे जातात. तरी वेळ जाणे हा त्यातला लहान तोटा आहे. मोठा तोटा असा की आपण एक मुद्दा संपवून दुसऱ्याकडे वळताना ‘म्हणून’, ‘पण’, ‘आता याच्या उलट’ असा जो सांधा बोलून जोडता, नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर शेकडो तुकडे उडत असतात आणि ते वाक्य कोणी ऐकत नाही. Transitions टॅबमध्ये None निवडून Apply To All दाबावे, म्हणजे हे काम एका फटक्यात होईल.

मथळ्याशेजारचा लुकलुकणारा लाल बाणही काढावा. त्याची पुनरावृत्ती Until End of Slide अशी ठेवलेली असल्याने आपण त्या स्लाइडवर दहा मिनिटे बोललात, तर तो दहा मिनिटे लुकलुकत राहतो. नजरेच्या कडेला काही हलले की डोळे आपोआप तिकडे वळतात आणि ते विद्यार्थ्याच्या हातात नसते. आपल्याला त्याने आकृतीकडे पाहायला हवे आहे आणि बाण त्याला पुन्हा पुन्हा मथळ्याकडे ओढतो आहे.

ओळी एकेक करून आणण्याच्या प्रश्नाकडे मात्र थोडे बारकाईने पाहू. आपल्या बहुतेक यादीवजा स्लाइडांवर प्रत्येक ओळ Fly In ने खालून येते आणि नवी ओळ आली की आधीची फिकट करड्या रंगाची होते. ओळ उडत येण्यात अर्थ नाही, कारण ‘शेडिंगचे प्रकार’ ही ओळ कुठून तरी प्रवास करून आलेली नसते. ओळी करड्या करण्यात तर सरळ नुकसान आहे. आपले विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि उतरवणारा नेहमी एक-दोन ओळी मागे असतो. तो ज्या ओळीवर असतो नेमकी तीच आपण पुसट करता. त्यातून सोलापूरचे ऊन, पडदे नसलेल्या खिडक्या आणि जुन्या दिव्याचा प्रोजेक्टर असला, तर आपल्या लॅपटॉपवर ‘सौम्य’ दिसणारा करडा रंग वर्गातल्या भिंतीवर दिसतच नाही. अशा याद्या सरळ पूर्ण दाखवाव्यात.

याला आपल्या फाइलमध्ये एक अपवाद आहे आणि माझ्या चार ठिकाणांपैकी ते पहिले. बाविसाव्या स्लाइडवर आपण ‘धोटा आत असतानाच शेड बंद झाली तर काय होईल?’ असे विचारले आहे आणि धोटा उभ्या धाग्यांच्या दोन थरांत अडकतो, ते धागे मोठ्या संख्येने तुटतात, हे उत्तर त्याखाली आहे. इथे उत्तर आधीच दिसले, तर प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. यंत्रमागाच्या घरातला विद्यार्थी हे उत्तर स्वतःच्या अनुभवातून देईल आणि बाकीचे त्याचे ऐकतील, पण त्यासाठी पडद्याने आधी गप्प राहिले पाहिजे. म्हणून उत्तर क्लिकवरच आणावे. मात्र त्यासाठी साधा Appear पुरेसा आहे. आपण ठेवलेला Bounce उत्तराला तीन उड्या मारायला लावतो आणि वर्ग उत्तर वाचण्याऐवजी त्या उड्या पाहतो.

आता दुसऱ्या ठिकाणाकडे, म्हणजे मुख्य स्लाइडकडे येतो. मागाच्या एका फेऱ्याची ही स्लाइड आपल्या फाइलमधली सर्वांत मोलाची आहे. पण तिच्यात एक चूक आहे आणि ती लक्ष विचलित होण्यापेक्षा गंभीर आहे, कारण तिच्यातून विषयच चुकीचा शिकवला जातो.

सध्या पहिल्या क्लिकला उभ्या धाग्यांचे दोन थर उघडून शेड तयार होते, दुसऱ्या क्लिकला धोटा आडवा धागा घेऊन या टोकापासून त्या टोकाला जातो आणि तिसऱ्या क्लिकला फणी पुढे येऊन आडवा धागा कापडाच्या कडेला ठोकते. दोन क्लिकपर्यंत फणी जागच्या जागी उभी असते. हे पाहणारा विद्यार्थी असेच समजेल की माग आधी शेड उघडतो, मग थांबून धोटा फेकतो, मग थांबून फणी हलवतो. प्रत्यक्षात फणी ज्या स्लेवर बसवलेली असते ती क्रँकला जोडलेली असते आणि क्रँक फिरत आहे तोवर ती कुठेही थांबत नाही. ठोकून झाल्या क्षणापासून ती मागे जाऊ लागते, तिच्या मागे जाण्यानेच धोट्याला वाट मोकळी होते आणि धोटा साधारण मध्यावर असताना ती सर्वांत मागे पोचलेली असते. शिकवायच्या सोयीसाठी आपण या गतींना पहिली, दुसरी, तिसरी म्हणतो, पण मागावर त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. आपल्या तीन On Click मुळे ही गुंतवण नाहीशी झाली आहे. उत्तरपत्रिकेत ‘पहिली गती संपल्यावर दुसरी सुरू होते’ असे वाक्य आढळले, तर त्याचे मूळ इथे असू शकते. ॲनिमेशन तपासताना म्हणूनच मी एक प्रश्न नेहमी जोडून विचारतो: पडद्यावर जे आधी आणि जे नंतर घडते, ते विषयातही तसेच आधी आणि नंतर घडते का?

दुरुस्ती अवघड नाही. क्रँकचा एक फेरा 360 अंशांचा असतो आणि त्यात एक आडवा धागा पडतो. साध्या यंत्रमागावर मिनिटाला 120 फेरे धरले, तर एक फेरा अर्ध्या सेकंदात संपतो. कार्यशाळेत मुलांना गोंगाट आणि धूसर हालचाल एवढेच कळते, त्याचे कारण हेच आहे. इथे ॲनिमेशनचे खरे काम काळ लांबवण्याचे आहे. आपण एका फेऱ्याला 6 सेकंद द्यावेत, म्हणजे एका सेकंदाला 60 अंश होतील आणि हिशेब सोपा राहील. फणी कापडाच्या कडेला टेकलेली आहे ती स्थिती शून्य अंश मानावी.

स्लेला Motion Paths मधला सरळ मार्ग द्यावा, Duration 3 सेकंद ठेवावा आणि Effect Options मध्ये Auto-reverse वर खूण करावी. तीन सेकंदांत ती मागे जाईल आणि तीन सेकंदांत परत येऊन ठोकेल. Smooth start आणि Smooth end असू द्यावेत, कारण स्लेचा वेगही दोन्ही टोकांना कमी आणि मध्ये जास्त असतो. धोटा साधारण 110 अंशांना शेडमध्ये शिरतो आणि 240 अंशांच्या आसपास बाहेर पडतो, म्हणून त्याला Delay 1.8 आणि Duration 2.2 सेकंद द्यावा. उभ्या धाग्यांच्या रेषा मोशन पाथने वाकत नाहीत, त्यामुळे आपण बंद, अर्धी उघडी आणि पूर्ण उघडी अशा तीन चित्रांची अदलाबदल केली आहे. ती युक्ती योग्य आहे, फक्त तिला वेळा द्याव्यात. पूर्ण उघड्या शेडचे चित्र 1.7 सेकंदाला यावे आणि 4.3 सेकंदांपर्यंत टिकावे, म्हणजे धोटा शिरण्याआधी वाट उघडलेली असेल आणि तो बाहेर पडेपर्यंत ती मिटणार नाही. शेडच्या वेळा मागाच्या मांडणीप्रमाणे मागे-पुढे होतात. आपल्या कार्यशाळेतल्या मागावरचे अंश आपण मोजून घ्यावेत आणि तेच घालावेत. मग मुलांना स्लाइडवरून उठून मागापाशी गेल्यावर तेच दिसेल.

या सगळ्या परिणामांना With Previous ठेवावे, म्हणजे एकाच सुरुवातीपासून प्रत्येकाचा वेळ मोजला जाईल. After Previous ठेवले, तर ते पुन्हा रांगेत उभे राहतील आणि चूक परत येईल. Animation Pane उघडून पाहिले की प्रत्येक परिणामाची पट्टी दिसते. पट्ट्या एकमेकींच्या खाली आडव्या पसरून एकाच वेळेवर येत असतील, तर गती एकत्र चालत आहेत. पायऱ्यांसारख्या एकीपुढे एक सरकत गेल्या असतील, तर त्या अजून सुट्या आहेत. फाइल न चालवताही ही चूक अशी ओळखता येते.

त्याच स्लाइडवर आणखी एक अडचण आहे. स्ले आणि शेड बाजूने पाहिल्यावर दिसतात, पण धोट्याचा प्रवास वरून किंवा समोरून पाहिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून आपण दोन आकृत्या ठेवल्या आहेत, एक डाव्या कोपऱ्यात आणि एक उजव्या कोपऱ्यात. दोन्ही एकदम हलल्या की नजर एका वेळी एकीकडेच राहते आणि दुसरीकडचे निसटते. आकृत्या एकीखाली एक आणि अगदी जवळ आणाव्यात आणि मुख्य म्हणजे हा फेरा हवा तितक्या वेळा पुन्हा चालवता येईल असे करावे. स्लाइडवर एक लहान चौकोन काढून त्यावर ‘फेरा’ असे लिहावे आणि सर्व परिणाम निवडून Trigger मधून त्या चौकोनाला जोडावेत. मग दर वेळी चौकोनावर क्लिक केले की फेरा पुन्हा चालेल. पहिल्या वेळी ‘फक्त फणीकडे पाहा’ असे सांगावे, दुसऱ्या वेळी ‘आता धोटा’ आणि तिसऱ्या वेळी ‘धोटा शिरतो तेव्हा फणी कुठे आहे ते सांगा’ असे विचारावे. क्लिक चौकोनावरच व्हायला हवे, इतरत्र झाले तर पुढची स्लाइड येते, हे तासाआधी हाताला सवयीचे करून घ्यावे.

बार्बरा ट्वर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली ॲनिमेशनवरच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेतला होता. त्यातले दोन निष्कर्ष आपल्या कामाचे आहेत. जिथे ॲनिमेशन स्थिर चित्रापेक्षा सरस ठरल्यासारखे दिसत होते, तिथे पुष्कळदा त्यात स्थिर चित्रापेक्षा जास्त माहितीच घातलेली होती. शिवाय ॲनिमेशनमधली हालचाल पुष्कळदा इतकी वेगवान किंवा गुंतागुंतीची असते की पाहणाऱ्याला ती नीट टिपताच येत नाही. आपल्यासाठी याचा अर्थ असा की हालचाल संपल्यावर पडद्यावर काहीतरी थांबलेले उरले पाहिजे. पुढच्याच स्लाइडवर 0, 110, 180 आणि 240 अंशांची चार स्थिर चित्रे ओळीने ठेवावीत, तीही कोणत्याही परिणामाशिवाय. वहीत आकृती काढण्यासाठी विद्यार्थ्याला तीच लागणार आहेत.

तिसरे ठिकाण टेरी टॉवेलच्या विणकामाचे आहे. सोलापुरात हा भाग घाईने उरकता येत नाही. इथे मात्र नेमके उलटे करावे लागेल. तीन धाग्यांच्या टेरीत पहिले दोन आडवे धागे कापडाच्या कडेपासून थोडे अलीकडेच सोडले जातात आणि तिसऱ्यासोबत फणी तिन्ही धागे एकदम कडेपर्यंत रेटते. त्या रेट्याने सैल सोडलेल्या उभ्या धाग्यांचे फंदे उभे राहतात. हे खरोखरच तीन वेगळ्या पायऱ्यांत घडते आणि तिसरी पायरी पहिल्या दोनांवर उभी असते. आपण हे सगळे एका सलग चार सेकंदांच्या हालचालीत बसवले आहे, त्यामुळे दोन धागे मागे थांबले होते हेच कळत नाही आणि फंदे कुठून आले ते गूढ राहते. इथे तीन क्लिक ठेवावेत आणि दुसऱ्या क्लिकनंतर थांबून कडेपाशी राहिलेली ती मोकळी जागा बोटाने दाखवावी. म्हणजे फेऱ्याच्या स्लाइडवरचे तीन क्लिक काढायचे आणि टेरीच्या स्लाइडवर तीन क्लिक आणायचे. दोन्ही ठिकाणी निर्णय मागाने घेतलेला आहे.

चौथे ठिकाण संपूर्ण मागाच्या चित्रावरून टॅपेटच्या, म्हणजे शेड उघडणाऱ्या कॅमच्या, मोठ्या चित्राकडे जाण्याचे. आज आपण एका स्लाइडवर अख्खा माग दाखवता आणि पुढच्या स्लाइडवर अचानक टॅपेट येतो. तो मागाच्या कोणत्या भागात आहे, हे ज्याने कार्यशाळेत वाकून पाहिले नसेल त्याला समजत नाही. इथे ट्रान्झिशनला काम आहे. मागाच्या स्लाइडची प्रत करावी, प्रतीवर तेच चित्र मोठे करून टॅपेट मध्यभागी येईल असे सरकवावे आणि प्रतीला Morph द्यावा. पडदा मागावरून टॅपेटपर्यंत सलग जवळ जाताना दिसेल आणि जागा आपोआप समजेल. Morph फक्त नव्या आवृत्त्यांत आहे, म्हणजे 2019 मध्ये, त्यानंतरच्या आवृत्त्यांत किंवा मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये. वर्गातल्या संगणकावर फार जुनी आवृत्ती असली, तर त्याऐवजी साधा Fade दिसतो. तसे असल्यास मागाच्या चित्रावर टॅपेटभोवती एक ठळक चौकट काढली की तेच काम होईल.

एवढे करून झाले की उरलेल्या प्रत्येक परिणामासाठी त्या स्लाइडखालच्या नोट्समध्ये एक वाक्य लिहावे. ‘हे चांगले दिसते’ असे वाक्य चालणार नाही. ‘धोटा शिरताना स्ले मागे जात असते हे दिसावे’ असे वाक्य हवे. जिथे वाक्य सुचत नाही, तिथला परिणाम काढावा. विभागप्रमुखांना फाइल दाखवताना ही वाक्येही दाखवावीत, म्हणजे चर्चा आवडीनिवडीवर न राहता विषयावर होईल. त्यांना तास पुन्हा पाहायला बोलावण्याआधी मात्र रिकाम्या वर्गात, दुपारच्या उजेडात, प्रोजेक्टर लावून शेवटच्या बाकावर बसावे आणि एखाद्या सहकाऱ्याला फेऱ्याची स्लाइड चालवायला सांगावी. तिथून धोटा आणि फणी वेगवेगळी ओळखू येत नसतील, तर वेळा कितीही अचूक असल्या तरी उपयोग नाही. अशा वेळी रेषा जाड कराव्यात आणि धोट्याला फणीपेक्षा अगदी वेगळा, गडद रंग द्यावा.

आणखी एका गोष्टीचा बंदोबस्त करावा लागेल. तासानंतर आपण वर्गाच्या ग्रुपवर पीडीएफ पाठवता. पीडीएफमध्ये ॲनिमेशन जात नाहीत आणि स्लाइडवरच्या सगळ्या वस्तू एकदम छापल्या जातात. त्यामुळे फेऱ्याच्या स्लाइडवर शेडची तिन्ही चित्रे एकमेकांवर चढून रेषांचा गुंता दिसेल आणि परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याच्या हाती तोच पडेल. पीडीएफ बनवण्याआधी फेऱ्याची स्लाइड Hide Slide करून ठेवावी आणि पीडीएफ करताना Options मध्ये लपवलेल्या स्लाइडा समाविष्ट करणारी खूण काढावी. स्थिर चार चित्रांची स्लाइड तिची जागा घेईल. टेरीच्या स्लाइडचीही तीन पायऱ्यांची अशीच एक स्थिर प्रत करून पुढे जोडावी. पण ही स्थिर प्रत वर्गात दाखवायची नसल्याने तास घेण्याच्या फाइलमध्ये ती लपवलेली ठेवावी आणि पीडीएफसाठी फाइलची एक वेगळी प्रत करून त्यात ती उघडी करावी.